चाडचे तेल, लंडनचे खाते आणि आधीच लिहून ठेवलेला उःशाप

मृण्मयी_द (धागाकर्ती)

तेल सापडलेल्या देशांत लोकशाही का खुरटते, या प्रश्नावरची चर्चा बहुतेक वेळा व्हेनेझुएला, नायजेरिया आणि नॉर्वे या तीन नावांभोवती फिरून संपते. मला मध्य आफ्रिकेतील चाडबद्दल लिहायचे आहे. इतर देशांना तेलाचा हा शाप भोवल्यानंतर कळला. चाडमध्ये मात्र तो आधीच ओळखला गेला होता आणि तेलाचा पहिला थेंब विकला जाण्यापूर्वी त्यावरचा उःशाप कायद्यात लिहूनही ठेवला होता. तरीही तो फळला नाही.

चाडला समुद्रकिनारा नाही. दक्षिणेतील डोबा खोऱ्यातले तेल बाहेर काढायचे तर कॅमेरूनमधील क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १,०७० किलोमीटर लांबीची वाहिनी टाकणे भाग होते. ज्या देशात सत्तांतर बंदुकीनेच होत आले होते, तिथे एवढा पैसा जमिनीत पुरण्याचा धोका एक्सॉनमोबिल, पेट्रोनास आणि शेव्हरॉन या भागीदारांना जागतिक बँकेच्या सहभागाशिवाय पत्करायचा नव्हता. बँकेने सहभागासाठी अट घातली, आणि त्या अटीतून १९९९ चा ‘कायदा क्रमांक १’ जन्माला आला. जून २००० मध्ये बँकेने प्रकल्पाला मंजुरी दिली आणि २००३ मध्ये तेल वाहू लागले.

कायद्याची रचना समजण्यासाठी रॉयल्टीचे १०० डॉलर घेऊ. ते प्रथम चाडच्या तिजोरीत जात नसत. ते लंडनमधील एका एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या अटींनुसारच पैसे सोडणाऱ्या त्रयस्थाकडच्या खात्यात जमा होत, आणि कर्जाचे हप्ते वळते झाल्यावर पुढची वाटणी होई. त्यांतील १० डॉलर भावी पिढ्यांच्या निधीत जायचे. उरलेल्या ९० पैकी ८० टक्के, म्हणजे ७२ डॉलर, शिक्षण, आरोग्य, पाणी, रस्ते आणि ग्रामविकास अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांसाठी राखीव असत. साडेचार डॉलर तेल निघणाऱ्या डोबा भागाला मिळत. सरकारला मोकळेपणाने वापरता येतील असे केवळ साडेतेरा डॉलर उरत. या खर्चावर नऊ सदस्यांचे देखरेख मंडळ होते, आणि त्यात कामगार संघटना, मानवी हक्क संघटना आणि धार्मिक समुदाय यांचेही प्रतिनिधी होते.

डिसेंबर २००५ मध्ये, म्हणजे तेल वाहू लागल्यावर जेमतेम अडीच वर्षांत, चाडच्या संसदेने हा कायदा बदलला. भावी पिढ्यांचा निधी रद्द झाला, सरकारचा मोकळा वाटा १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला, आणि ‘अग्रक्रमाच्या क्षेत्रां’मध्ये सुरक्षेचा समावेश झाला. शाळा आणि दवाखाने यांच्या रांगेत शस्त्रे येऊन बसली.

कायदा चांगला होता की वाईट, हे मला विचारायचे नाही. इतका काटेकोर कायदा मोडणे सरकारला इतके सोपे का गेले, हे मला समजून घ्यायचे आहे.

---

निरंजन

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ कारण तुम्ही बाजूला ठेवले आहे असे वाटते. तेलाचा शाप हा प्रामुख्याने चलनाचा प्रश्न आहे. तेलाचे डॉलर आत आले की देशाचे चलन महाग होते, शेतमालाची निर्यात परवडेनाशी होते, आणि सगळी अर्थव्यवस्था एकाच खांबावर उभी राहते. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर हेच घडले होते. चाडमध्ये कापूस पिकतो, त्यामुळे कापूस उत्पादक बुडाले असतील आणि तिथून पुढची घसरण सुरू झाली असेल.

---

मृण्मयी_द

निरंजन, तुम्ही सांगता ती प्रक्रिया खरी आहे, पण चाडला ती जशीच्या तशी लागू होत नाही. चाडचे चलन सीएफए फ्रँक हे युरोशी ठरावीक दराने बांधलेले आहे आणि इतर पाच देशांबरोबर सामाईक आहे. त्यामुळे तेल आले म्हणून त्याचा विनिमय दर वर चढत नाही. देशांतर्गत महागाईच्या वाटेने तसा परिणाम होऊ शकतो, हे मान्य. कापसाचे दुखणे मात्र तेलापेक्षा जुने आहे.

शिवाय नेदरलँड्सचे उदाहरण माझ्या प्रश्नाला पुष्टीच देते. तिथे कारखानदारीला फटका बसला, पण कोणी निवडणुका पुढे ढकलल्या नाहीत आणि लेखापरीक्षकांना घरी बसवले नाही. अर्थव्यवस्थेला होणारा आजार आणि राज्यसंस्थेला होणारा आजार हे दोन वेगळे आहेत. मला दुसऱ्याबद्दल बोलायचे आहे.

---

गतानुगतिक

विकासकर्जांच्या अटी हा माझा अनेक वर्षांच्या वाचनाचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि चाडच्या बाबतीत नाक कोणाच्या हातात होते हे तारखा लावून पाहिले की उत्तर बरेचसे मिळते. १९९९ मध्ये चाडजवळ जमिनीखाली तेल होते, पण वाहिनी नव्हती, पैसा नव्हता आणि कर्ज द्यायला कोणी तयार नव्हते. त्या वेळी बँक म्हणेल त्या कायद्यावर सही करण्यात सरकारचे काहीच जात नव्हते, कारण ज्या पैशावर बंधन येणार होते तो पैसा अजून अस्तित्वातच नव्हता. २००५ मध्ये परिस्थिती उलटली होती. चारशे कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून वाहिनी जमिनीत पुरली गेली होती. ती उखडून कोणी परत नेऊ शकत नव्हते. तेलाचा भाव नियोजनात धरलेल्या भावाच्या कितीतरी वर गेला होता. आता गरज कंपन्यांना होती आणि बँकेला आपली प्रतिष्ठा जपायची होती.

जानेवारी २००६ मध्ये बँकेने १२ कोटी ४० लाख डॉलरची मदत थांबवली आणि लंडनचे खाते गोठवले. तिच्याजवळचे सर्वांत धारदार हत्यार हेच होते. राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी यांनी एप्रिलमध्ये उत्तर दिले, की पैसे मोकळे झाले नाहीत तर तेलाचा प्रवाहच बंद करू. त्याच महिन्यात तडजोड झाली आणि जुलैमध्ये नवा सामंजस्य करार आला. सप्टेंबर २००८ मध्ये, तेलाने भावाचा उच्चांक नुकताच पाहिलेला असताना, चाडने बँकेचे उरलेले सुमारे ६ कोटी ५७ लाख डॉलर मुदतीआधी चुकते केले आणि हा अध्याय संपला. सावकाराचे पैसे फिटल्यावर त्याचा शब्द कोण मानणार? ज्या तेलावर देखरेख ठेवायची होती, त्याच तेलाच्या पैशाने देखरेख करणाऱ्याला निरोप दिला गेला.

आता पळवाटांबद्दल. कायद्याच्या कक्षेत केवळ रॉयल्टी आणि लाभांश होते, आणि तेही कोमे, मियांडूम आणि बोलोबो या पहिल्या तीन क्षेत्रांपुरतेच. कंपन्यांच्या नफ्यावरचा प्राप्तिकर त्यात नव्हता. सुरुवातीला हे क्षुल्लक वाटले, कारण कंपन्यांचा भांडवली खर्च वसूल होईपर्यंत त्या करातून फारसे काही मिळणार नव्हते. पण भाव चढले, खर्च लवकर वसूल झाला, आणि हा कर थेट तिजोरीत वाहू लागला. म्हणजे कायदा मुळीच बदलला नसता, तरी वर्षागणिक त्याच्या कुंपणाबाहेर जाणारा पैसा वाढतच गेला असता. अशा प्रत्येक कायद्यात मी पहिल्यांदा हेच शोधतो, की व्याख्येत कोणता पैसा बसत नाही. कोणत्या पैशाला किती टक्के, हे त्यानंतर येते.

याची पूर्वसूचनाही मिळाली होती. २००० मध्ये दोन कंपन्यांकडून चाडला अडीच कोटी डॉलरचा करारबोनस मिळाला. तो रॉयल्टी नव्हता आणि लाभांशही नव्हता, म्हणून कायद्याला लागू नव्हता. त्यातील सुमारे ४० लाख डॉलर लष्करी खरेदीवर गेले. तेल वाहायला तेव्हा अजून तीन वर्षे होती.

---

जुना_लेखापरीक्षक

मी चाडला कधी गेलो नाही. परंतु तेलावर चालणाऱ्या दुसऱ्या एका देशात, एका लेखापरीक्षण पथकात मी काही वर्षे काम केले आहे, आणि देखरेख मंडळाबद्दल वाचताना ते दिवस डोळ्यांसमोर आले.

एका शाळेच्या इमारतीची फाइल माझ्याकडे तपासणीसाठी आली होती. निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि अंतिम देयक, सर्व काही क्रमाने लावलेले होते. एकही सही सुटलेली नव्हती. नेहमीपेक्षा नीटनेटकी फाइल पाहून मला शंका आली, म्हणून मी जागेवर जाण्याचा आग्रह धरला. गाडी मिळायला सात आठवडे लागले. तिथे जोत्यापर्यंतचे बांधकाम होते आणि त्यावर गवत उगवले होते. मी अहवाल दिला. अहवाल स्वीकारला गेला, त्याला आवक क्रमांक पडला, आणि पुढे काहीही झाले नाही. ठेकेदाराला विचारणा झाली नाही आणि मलाही कोणी रागावले नाही. रागावले असते तर निदान कोणाला तरी तो अहवाल बोचला असे समजलो असतो.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. त्या शाळेसाठी गावातल्या कोणाच्याही खिशातून पैसा गेलेला नव्हता. मी गावकऱ्यांशी बोललो, तेव्हा ते म्हणाले की सरकारने शाळा देऊ केली होती, नंतर दिली नाही. ‘आमची शाळा कुठे गेली’ असे कोणी म्हणाले नाही. हे त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. शाळेसाठी किती रक्कम मंजूर झाली, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

---

मृण्मयी_द

तुमचा अनुभव वाचून मन विषण्ण झाले. चाडच्या मंडळाचीही गत फार वेगळी नव्हती. त्यांनीही जागेवर जाऊन पाहणी केली, पैसे चुकते झाले पण माल पोचला नाही, कामे अर्धवट पडून राहिली, अशी प्रकरणे नोंदवली आणि अहवाल प्रसिद्धही केले. परंतु खटला भरण्याचा अधिकार मंडळाला नव्हता. तो न्याययंत्रणेचा होता, आणि न्याययंत्रणा सरकारच्या मुठीत होती. त्या सदस्यांनी निष्ठेने काम केले, हे नमूद केले पाहिजे.

---

अश्विन_प

चर्चा एकतर्फी होत आहे असे मला वाटते. सुरक्षेवर खर्च करणे हा चाडमध्ये चैनीचा विषय नव्हता. शेजारच्या सुदानच्या दारफुर भागातील युद्ध सीमा ओलांडून आले होते. १८ डिसेंबर २००५ रोजी बंडखोरांनी सीमेवरील आद्रे या गावावर हल्ला केला, एप्रिल २००६ मध्ये ते राजधानी एन्जामेनापर्यंत पोचले, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाभोवती लढाई झाली. असे असताना वॉशिंग्टनमध्ये बसून ‘तुम्ही विहिरी खणा, तोफा घेऊ नका’ असे सांगणे कोणत्याही सरकारने ऐकले नसते. कायदा बदलला यात शाप कुठे आला? ती तर आत्मरक्षणाची गरज होती.

---

गतानुगतिक

अश्विन, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली म्हणजे कायदा बदलण्याचा इरादा सरकारने ऑक्टोबर २००५ मध्येच, आद्रेवरील हल्ल्यापूर्वी, जाहीर केला होता. हल्ल्याने त्याला निमित्त पुरवले. शिवाय संरक्षणासाठी पैसा हवा होता म्हणून भावी पिढ्यांचा निधी कायमचा रद्द करावा लागतो असे नाही. त्यातून ठरावीक मुदतीची उचल घेता आली असती.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ही बंडे कोण करत होते? त्यांचे काही प्रमुख देबींच्याच गोटातून फुटलेले होते. देबींनी जून २००५ मध्ये सार्वमत घेऊन राष्ट्राध्यक्षपदावरची दोन कारकिर्दींची मर्यादा काढून टाकली, आणि त्यानंतर हे फुटणे वाढले. मतपेटीने सत्ता बदलण्याचा मार्ग बंद झाला, आणि सत्तेबरोबर मिळणाऱ्या पैशाची रास मात्र मोठी झाली. अशा स्थितीत बंदुकीचा मार्ग धरणारे वाढतात, आणि मग त्यांच्याशी लढण्यासाठी सरकारला तेलाचा पैसा लागतो. तुम्ही ज्याला गरज म्हणता, ती गरज निर्माण होण्यात त्याच पैशाचा हात होता. अर्थात सुदानचा या बंडांना असलेला पाठिंबा तेलातून आलेला नव्हता, त्यामुळे सर्व खापर मी तेलावर फोडणार नाही.

---

वैदेही

मग उपाय सरळ आहे असे वाटते. लोकांवर कर बसवावा. कर भरला की लोक हिशेब मागतात. तेल असूनही कर घेतला असता तर चाडमध्ये लोकशाही रुजली असती, असेच ना?

---

गतानुगतिक

इतके सरळ नाही. जिथे माणसाजवळ देण्यासारखे थोडेच आहे आणि कर गोळा करायला येणारा शिपाई बंदूक घेऊन येतो, तिथे करातून हिशेबाची मागणी उभी राहत नाही, केवळ जाच वाढतो. कराचा परिणाम होतो तो वाटाघाटीमुळे. सरकारला व्यापाऱ्यांकडून आणि शेतकऱ्यांकडून पैसा हवा असतो, आणि न देण्याची थोडीफार ताकद त्यांच्यातही असते. तेव्हा सरकार त्यांना सभागृहात जागा देते, अंदाजपत्रक दाखवते आणि त्यांचे ऐकून घेते. तेलामुळे ही वाटाघाटच अनावश्यक ठरते. पैसा एका वाहिनीतून येतो, ती राखायला थोडे सैनिक आणि काही अभियंते पुरतात, आणि उरलेल्या देशाची नाराजी सरकारला परवडते.

चाडच्या संसदेकडे पाहा. २००२ मध्ये निवडून आलेली संसद २०११ पर्यंत बसली. २०११ मध्ये निवडून आलेल्या संसदेनंतरची निवडणूक डिसेंबर २०२४ मध्ये झाली, आणि त्यातील अखेरची काही वर्षे निवडून न आलेली हंगामी संस्थाच बसली होती. दर वेळी काही ना काही कारण दिले गेले. निवडणूक घेतली नाही म्हणून एक पैसाही अडत नव्हता, हे त्यामागचे न सांगितलेले कारण होते, असे माझे मत आहे.

आणि लोकांनी मागणी केलीच नाही असेही समजू नका. विरोधी नेते इब्नी उमर महामत सालेह यांना फेब्रुवारी २००८ च्या लढाईच्या धामधुमीत त्यांच्या घरातून उचलून नेले. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. ते व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते.

---

निरंजन

चलनाबाबतची तुमची दुरुस्ती मी स्वीकारतो. तरी एक शंका उरतेच. देबी १९९० मध्ये शस्त्रांच्या बळावर सत्तेवर आले, त्याआधीचे हबरे यांचे राज्यही भयंकर होते. तेल आले २००३ मध्ये. मग तेलाने कोणती लोकशाही दुबळी केली? जी नव्हतीच ती?

---

मृण्मयी_द

हा प्रश्न मलाही सतावतो, आणि अभ्यासकांमध्येही त्यावर एकमत नाही. अनेक देशांची दीर्घकालीन आकडेवारी घेऊन, तेलामुळे हुकूमशाही येते हे सिद्ध होत नाही, असे २०११ मध्ये दोन अभ्यासकांनी मांडले. त्यावर, १९७० च्या दशकात तेलउद्योगांचे राष्ट्रीयीकरण होऊन पैसा सरकारांच्या हातात आल्यानंतरचा काळ वेगळा काढला तर परिणाम दिसतो, असे इतरांनी उत्तर दिले.

चाडपुरते बोलायचे तर, तेलाने हुकूमशाही आणली नाही. ती सरण्याच्या ज्या काही वाटा उघडल्या होत्या, त्या बुजवल्या. १९९३ मध्ये तिथे सार्वभौम राष्ट्रीय परिषद भरली होती, १९९६ मध्ये नवे संविधान आले होते आणि त्यात कारकिर्दींची मर्यादा होती. कितीही कच्ची असोत, ती बीजे होती. नॉर्वेत १९६९ मध्ये तेल सापडले तेव्हा झाड आधीच वाढलेले होते, म्हणून ती तुलना मला येथे फारशी उपयोगाची वाटत नाही.

---

अश्विन_प

जागतिक बँक निघून गेल्यानंतर काय झाले, हे कोणी सांगू शकेल का? निदान बाहेरचा हस्तक्षेप संपल्यावर सरकारला लोकांकडे वळावे लागले असेल.

---

गतानुगतिक

सरकार लोकांकडे वळले नाही. दुसऱ्या सावकाराकडे गेले. २०१३ आणि २०१४ मध्ये चाडने ग्लेनकोर या व्यापारी कंपनीकडून भविष्यात निघणाऱ्या तेलाच्या तारणावर मोठी उचल घेतली. त्यातील बहुतांश रक्कम शेव्हरॉनचा प्रकल्पातील वाटा सुमारे १३० कोटी डॉलरना विकत घेण्यासाठी गेली. खरेदी झाली आणि २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचा भाव कोसळला. कर्जफेड तेलाच्या खेपांतूनच वळती होत असल्यामुळे तिजोरीत पोचण्याआधीच पैशाला कात्री लागू लागली. पगार थकले आणि संप झाले. २०१५ आणि २०१८ मध्ये त्या कर्जाची फेररचना करावी लागली.

आधी भावी पिढ्यांसाठी दर १०० डॉलरमागे १० बाजूला ठेवायचे होते. आता भावी वर्षांचे तेल आजच विकून टाकले गेले. ही उचल आधीच्या कायद्याने बसवलेल्या कोणत्याही कुंपणातून गेली नाही, कारण ते कुंपण तोवर जमीनदोस्त झाले होते.

---

जुना_लेखापरीक्षक

घानाचा उल्लेख अजून कोणी केला नाही. तिथे २०११ च्या कायद्याने लोकांच्या प्रतिनिधींची एक समिती नेमली गेली, आणि तिचे काम चाडच्या मंडळासारखेच, तेलाचा पैसा कुठे गेला हे पाहण्याचे आहे. तिलाही खटला भरता येत नाही, आणि सुरुवातीची काही वर्षे तिला कार्यालय आणि निधी यांसाठी झगडावे लागले. तरी ती टिकली. तिचे सदस्य प्रकल्पांच्या जागी जातात, काय आढळले ते प्रसिद्ध करतात, आणि वृत्तपत्रे ते छापतात.

माझ्या मते तिथला फरक कायद्याच्या कलमांमध्ये फारसा नाही. घानात २००० आणि २००८ मध्ये सत्ताधारी पक्ष निवडणुकीत हरला आणि पायउतार झाला, आणि तेल वाहू लागले ते २०१० च्या अखेरीस. तिथल्या मंत्र्याला अहवाल वाचताना पुढच्या निवडणुकीची काळजी वाटते. माझ्या त्या शाळेच्या फाइलवर सह्या करणाऱ्यांना ती नव्हती.

---

निरंजन

म्हणजे चाडने आधी निवडणुका रुजू द्यायच्या आणि मग तेल काढायचे, असा त्याचा अर्थ निघतो. पण ज्या देशात अनेकांना पिण्याचे स्वच्छ पाणीही मिळत नव्हते, त्यांना ‘तेल जमिनीतच ठेवा, आधी संस्था उभारा’ असे कोणी सांगायचे, आणि कोणत्या अधिकाराने?

---

मृण्मयी_द

निरंजन, चाडमधल्याच काही संघटनांनी तेव्हा नेमके तेच सांगितले होते. प्रकल्प मंजूर होण्याआधी तिथल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनी बँकेकडे काही वर्षांची स्थगिती मागितली होती, जेणेकरून कायदा राबवू शकणाऱ्या यंत्रणा आधी उभ्या राहतील. तेल नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्या स्थगितीच्या काळात पाण्याची सोय कोणी केली असती, याचे उत्तर मात्र माझ्याजवळ नाही, आणि त्यांच्या निवेदनांतही मला ते सापडले नाही.